गरोदरपणात कांजिण्यांचा संपर्क : पुरळ उठण्याआधीचे दिवस

घरात लहान मुलाला कांजिण्या निघाल्या की लक्ष साहजिकच त्या मुलाकडे जाते. त्याची खाज, त्याचा ताप, अंघोळ घालायची की नाही, कडुनिंबाचा पाला अंथरायचा की नाही, याच चर्चा चालतात. त्याच घरात कोणी गरोदर असेल तर प्रश्न वेगळा होतो आणि तो त्या मुलाच्या फोडांपेक्षा दिनदर्शिकेशी अधिक जोडलेला असतो. संपर्क नेमका कोणत्या दिवशी आला, त्या दिवशी गर्भ किती आठवड्यांचा होता आणि तिच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासून आहेत का, या तीन उत्तरांवर पुढचे सारे ठरते.

एक उदाहरण घेऊ. मूळची जळगाव जिल्ह्यातली, सध्या पुण्यात राहणारी सत्तावीस वर्षांची एक स्त्री सोळा आठवड्यांची गरोदर आहे. रविवारी चार वर्षांचा भाचा मुक्कामाला आला, मावशीच्या मांडीवर बसून जेवला आणि रात्री तिच्याच कुशीत झोपला. सोमवारी तो घरी परतला, संध्याकाळी त्याला कणकण आली, आणि मंगळवारी सकाळी त्याच्या पोटावर लाल ठिपके दिसले. दुपारपर्यंत त्यांतल्या काहींवर दवबिंदूसारखे पाण्याचे फोड धरले. कांजिण्यांची हीच खूण असते : ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली या तिन्ही अवस्था एकाच वेळी अंगावर दिसतात. बहिणीने फोन करून सांगितले, तेव्हा हिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की तो आपल्याकडे होता तेव्हा तर त्याला काहीच नव्हते.

इथेच गफलत होते. कांजिण्यांचा रुग्ण पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत संसर्ग पसरवतो. त्यामुळे तिचा संपर्क मंगळवारी नव्हे, रविवारीच घडला, आणि दिवस मोजायचे ते रविवारपासून. एका खोलीत पंधरा मिनिटे किंवा अधिक वेळ एकत्र असणे किंवा समोरासमोर बसून बोलणे एवढेसुद्धा डॉक्टर महत्त्वाचा संपर्क मानतात. एका अंथरुणात काढलेल्या रात्रीबद्दल तर शंकाच नको.

गुरुवारी तिने दवाखान्यात जाण्याआधी फोन केला, हे योग्यच केले. दवाखान्याच्या बाकावर तिच्याशेजारी आणखी गरोदर बायका बसलेल्या असतात, आणि संपर्कानंतर आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत ती स्वतः संसर्ग पसरवू शकते असे धरून चालावे लागते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता : लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, किंवा लसीचे दोन डोस घेतल्याची नोंद आहे का? तिच्या आईचे उत्तर होते, ‘अंगावर काहीतरी उठलं होतं, गोवर होता की कांजिण्या ते आठवत नाही.’ आपल्याकडे हे उत्तर फार वेळा मिळते. गोवर, कांजिण्या आणि इतरही पुरळांना घरोघरी ‘माता आली’ किंवा ‘देवी आल्या’ असेच म्हटले गेल्यामुळे आठवणींची सरमिसळ झालेली असते.

या आठवणीवर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. थंड हवामानाच्या देशांत बहुतेकांना बालपणीच कांजिण्या होऊन जातात. ब्रिटनमध्ये वाढलेल्या गरोदर स्त्रियांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणींमध्ये प्रतिपिंडे सापडतात. उष्ण कटिबंधात हा आजार तुलनेने उशिरा होतो, आणि भारतात वाढलेल्या बऱ्याच तरुण स्त्रिया कांजिण्या न होताच गरोदरपणापर्यंत पोहोचतात. म्हणूनच ब्रिटनमधले डॉक्टर उष्ण प्रदेशातून आलेल्या गरोदर स्त्रीच्या बाबतीत नुसत्या आठवणीवर न थांबता रक्त तपासतात. लंडन किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी मुलींनी हे ध्यानात ठेवावे. कांजिण्यांची लस भारताच्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही, खासगी बालरोगतज्ज्ञांकडे ती पैसे देऊन घ्यावी लागते, त्यामुळे आज गरोदर असलेल्या पिढीत ती घेतलेल्या थोड्याच.

रक्तात शोधतात ती आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडे. ती जुन्या ओळखीची असतात : शरीराने हा विषाणू किंवा त्याची लस पूर्वी पाहिली असेल तरच ती सापडतात. नव्या संसर्गानंतर ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे जातात. म्हणून संपर्कानंतर पहिल्या दहा दिवसांच्या आत घेतलेल्या रक्तात आयजीजी आढळली, तर ती या संपर्काची नसून जुनीच आहे असे निश्चितपणे म्हणता येते, आणि त्या स्त्रीला निर्धास्तपणे घरी पाठवता येते. उशिरा रक्त दिले, तर हा अर्थ लावणे अवघड होते. आयजीएम ही दुसरी चाचणी ताज्या आजाराची असते. पुरळ नसलेल्या स्त्रीत ती करून काही निष्पन्न होत नाही, उलट चुकीच्या ‘पॉझिटिव्ह’ अहवालाने घबराट मात्र होते. ती मागवण्याची घाई मला अनाठायी वाटते.

तिचा अहवाल शनिवारी आला : आयजीजी नाही.

आता धोका कशाचा, हे नेमके सांगायला हवे, कारण या टप्प्यावर अनेक घरांत थेट गर्भपाताचीच भाषा सुरू होते. मोठा आणि जवळचा धोका आईला आहे. प्रौढांमध्ये कांजिण्या मुलांपेक्षा तीव्र असतात, आणि गरोदरपणात न्यूमोनिया झाला तर तो जिवावर बेतू शकतो. गर्भाचा धोका गंभीर असला तरी विरळ आहे. आईला विसाव्या आठवड्यापूर्वी प्रत्यक्ष कांजिण्या झाल्या, तरी बाळात जन्मजात दोष निर्माण होण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे १०० मध्ये एक-दोनच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, आणि तेराव्या ते विसाव्या आठवड्यांत ते सर्वाधिक असते. बाळाच्या कातडीवर वण, एखादा हात किंवा पाय आखूड राहणे, डोळ्यांत व मेंदूत बिघाड असे त्याचे स्वरूप असते. हे वण बहुधा एका मज्जातंतूच्या पट्ट्यातच पसरतात, अगदी नागिणीच्या पुरळासारखे. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो आणि अनेक वर्षांनी नागीण होऊन वर येतो, हे आपण मोठ्या माणसांत पाहतो. गर्भाची प्रतिकारशक्ती कच्ची असल्याने त्याच्यात तीच नागीण पोटातच उठत असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

अहवाल हाती आल्यावर दोन मार्ग असतात. एक म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, व्हॅरिसेला-झोस्टर इम्युनोग्लोब्युलिन. वजनाच्या दर १० किलोंमागे १२५ युनिट, जास्तीत जास्त ६२५ युनिट असे त्याचे प्रमाण असून ते संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत, शक्य तितक्या लवकर द्यावे लागते. ते महाग असते आणि सगळीकडे सहज मिळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे असायक्लोविर या विषाणूरोधक गोळ्या, ज्यांना ब्रिटनने आता पहिली पसंती दिली आहे : ८०० मिलीग्रॅम, दिवसातून चार वेळा, संपर्कानंतरच्या सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत. लगेच सुरू का करत नाहीत, असे कोणी विचारेल. पहिल्या आठवड्यात विषाणू लसिकाग्रंथी व यकृतात आपली संख्या वाढवत असतो, आणि त्यानंतर तो रक्तावाटे सर्वांगाकडे निघतो. औषधाचा मारा त्या निघण्याच्या वेळेवर व्हावा, हा सातव्या दिवसाचा हिशेब आहे. आपल्या उदाहरणात तो सातवा दिवस पुढचा रविवार, म्हणजे अहवाल आल्याचा दुसराच दिवस. तिने गुरुवारी फोन केला नसता, तर ही वेळ हातची गेली असती.

दोन्हींपैकी कोणताही उपाय हमखास नसतो. काही जणींना त्यानंतरही कांजिण्या होतात, पण बहुधा सौम्य. म्हणून दहाव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत (इंजेक्शन घेतले असेल तर अठ्ठाविसाव्यापर्यंत) रोज अंगावर नजर ठेवायची, आणि पहिला फोड दिसताच चोवीस तासांच्या आत उपचार सुरू करायचा. दम लागणे, छातीत दुखणे, भान हरपल्यासारखे वाटणे किंवा रक्ताळलेले फोड, ही रुग्णालय गाठण्याची कारणे आहेत. प्रत्यक्ष कांजिण्या झाल्याच, तर निदान पाच आठवड्यांनी बारकाईने सोनोग्राफी करतात, कारण त्याआधी केलेल्या सोनोग्राफीत दोष दिसून येण्याइतका वेळ गेलेला नसतो.

प्रसूतीच्या सुमारास हाच हिशेब उलट्या बाजूने भेडसावतो. आईला प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंतच्या काळात पुरळ उठले, तर विषाणू वारेतून बाळापर्यंत पोहोचलेला असतो, पण आईने प्रतिपिंडे तयार करून ती बाळाकडे पाठवायला अवधीच मिळालेला नसतो. अशा नवजात बाळाला जन्मताच इम्युनोग्लोब्युलिन देतात. आठवडाभर आधी पुरळ उठले असते, तर आईनेच त्याला संरक्षण देऊन जगात पाठवले असते.

गोवराचे गणित थोडे निराळे आहे. गोवराने बाळात जन्मजात व्यंग निर्माण झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तसे व्यंग आणतो तो रुबेला, ज्याला ‘जर्मन गोवर’ म्हणतात, आणि नावाच्या या साधर्म्यामुळे कित्येक स्त्रिया विनाकारण भेदरतात. गोवराचा धोका आईला न्यूमोनियाचा, आणि गर्भाला गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा. तो अधिक वेगाने पसरतो : रुग्ण खोलीतून निघून गेल्यानंतरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत उद्रेक झाला, तेव्हा एका खोलीच्या घरांमध्ये मुलाला वेगळे ठेवणे किती कठीण असते, ते दिसले. गोवरावर असायक्लोविरसारखी गोळी नाही. लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणात देता येत नाही. प्रतिपिंडे नसतील, तर संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देण्याची शिफारस अमेरिकेत आहे, प्रति किलो ४०० मिलीग्रॅम, म्हणजे साठ किलो वजनाच्या स्त्रीला २४ ग्रॅम. त्यासाठी काही तास रुग्णालयात सलाइनसारखी बाटली लावून पडून राहावे लागते.

आपल्या उदाहरणातल्या स्त्रीला एकविसाव्या दिवसापर्यंत एकही फोड आला नाही असे धरले, तरी तिची फाईल बंद होत नाही. गोळ्यांनी संसर्ग टळला असेल, तर तिच्या शरीरात अजूनही प्रतिपिंडे नाहीत. प्रसूतीनंतर कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने, तिला घेता येतात. बाळ अंगावर पीत असले तरी त्याला अडचण नाही, आणि प्रत्येक डोसनंतर निदान एक महिना दिवस राहू नयेत एवढेच पाहायचे. हे डोस सांगण्याची आठवण प्रसूतीच्या गडबडीत डॉक्टर आणि घरचे दोघांकडूनही सुटते, म्हणून पहिल्या अहवालाची प्रत बाळाच्या लसीकरणाच्या कार्डात ठेवावी : दीड महिन्याच्या लसीला बाळाला नेले की ती हातात येईल.