फॅनच्या पाटीवरचा आकडा आणि डक्टमधली खरी हवा

नाशिकजवळच्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये लाकडाचा भुसा ओढायची सिस्टिम बसवत होतो. मालकांनी विचारलं, "साहेब, पाटीवर ताशी सहा हजार घनमीटर लिहिलेला फॅन आणला की सहा हजार हवा मिळणार ना?" मिळेलच असं नाही. पाटीवर एकच आकडा असतो, पण फॅन त्याच स्पीडला वेगवेगळी हवा देऊ शकतो, पुढे अडथळा जास्त असला की कमी हवा आणि कमी असला की जास्त. हे सगळे पॉईंट जोडून जी उतरती रेघ होते ती फॅन कर्व्ह, कॅटलॉगमध्ये असते.

दुसरी रेघ आपल्या डक्टची. आमच्या हिशोबात ताशी ६००० घनमीटर हवेला डक्ट आणि एल्बो मिळून ८० मिमी पाण्याएवढा प्रेशर लागत होता आणि भुसा अडवणाऱ्या कापडी पिशव्यांच्या बॅग फिल्टरला, बॅगा स्वच्छ असताना, ४०, म्हणजे एकूण १२०. डक्टमध्ये हवा दुप्पट केली की प्रेशर चौपट लागतो, त्यामुळे ही रेघ शून्यातून निघून वर वळत जाते. दोन्ही रेघा एकाच कागदावर काढा, जिथे छेदतात तिथेच फॅन चालणार, दुसरीकडे कुठेही नाही.

आम्ही निवडलेला फॅन १४५० आरपीएमला ६००० हवेला १६५ मिमी देत होता आणि ६७०० ला १५०. आता सिस्टिमला ६७०० साठी किती लागतं बघा:

120 × (6700/6000)² ≈ 150

म्हणजे छेद ६७०० वर, पाहिजे त्यापेक्षा ७०० जास्त. मग लहान फॅन का नाही घेतला? त्याचं कारण बॅगा, ते पुढे येतंच.

जास्तीची हवा कमी करायची जुनी पद्धत म्हणजे डॅम्पर, डक्टमधली झडप, दाबायचा. तसं केलं की फॅन आपल्या कर्व्हवरून डावीकडे सरकतो, ६००० हवा देतो पण १६५ मिमी प्रेशर तयार करतो, त्यातले ४५ मिमी डॅम्पर खातो आणि मोटरचं काम जवळपास तेवढंच राहतं. आमच्या हिशोबात शाफ्टवर ४.१ किलोवॅट, आधी ४.२ होते, वाचलं काय तर काहीच नाही.

व्हीएफडीने, म्हणजे मोटरच्या विजेचे हर्ट्झ बदलणाऱ्या ड्राइव्हने, स्पीड कमी केला तर मात्र अख्खा फॅन कर्व्हच खाली येतो. हवा स्पीडच्या प्रमाणात, प्रेशर स्पीडच्या वर्गात आणि पॉवर घनात, हेच अॅफिनिटी लॉज. आम्हाला गुणोत्तर हवं होतं ६०००/६७०० म्हणजे सुमारे ०.९, स्पीड १३०० आरपीएम, ड्राइव्हवर साधारण ४५ हर्ट्झ. प्रेशर आपोआप १२० वर येतो आणि शाफ्ट पॉवर ३ किलोवॅटवर. स्पीड फक्त दहा टक्के कमी झाला आणि पॉवर सव्वा किलोवॅटच्या आसपास उतरली. उलट्या दिशेला हाच घन अंगावर येतो, ५० चे ५५ हर्ट्झ केले की पॉवर ३३ टक्के वाढते आणि टाइट साइजची मोटर ट्रिप होते.

एक चूक खूप दिसते. लोक ५० हर्ट्झला मोजलेल्या हवेला सरळ स्पीडचं गुणोत्तर लावतात. फॅनचा कर्व्ह नियमाप्रमाणेच सरकतो, पण छेदाचा पॉईंट त्याच प्रमाणात तेव्हाच सरकतो जेव्हा सिस्टिमचा प्रेशर वर्गाने बदलतो. बॅगेच्या कापडात तो जवळपास सरळ प्रमाणात बदलतो, म्हणून हवा हिशोबापेक्षा थोडी कमीच मिळते, तेव्हा डक्टमधल्या हवेचा वेग पिटोट ट्यूबने मोजून ड्राइव्ह सेट करायचा.

मालकांना विजेचं बिल आवडलं, म्हणाले "अजून खाली घ्या, ३७ हर्ट्झ करू." नाही म्हणालो. मेन डक्ट ३२५ मिमी व्यासाचा, ६००० हवेला त्यात वेग २० मीटर प्रति सेकंद पडतो आणि लाकडाच्या भुश्याला साधारण एवढा लागतोच. ३७ ला हवा पाच हजाराच्या आत, वेग १६-१७ वर, मग भुसा आडव्या डक्टच्या तळाला बसायला लागतो. डक्टवर बोटाने ठोकलं की रिकाम्या जागी खणखण वाजतो आणि साचलेल्या जागी भद्द आवाज येतो. शिवाय लाकडाची बारीक धूळ साचणं म्हणजे आगीचा धोका आहे, वीज वाचवायला हा सौदा मी कुणाला करू देत नाही.

आता बॅगांचं. चालता चालता बॅगा भरतात, ४० चा प्रेशर ५०, ६०, ७० होत जातो, सिस्टिमची रेघ उभी होत जाते आणि ४५ हर्ट्झला हवा कमी पडते, तेव्हा ड्राइव्ह हळूहळू वर न्यायचा. ५० हर्ट्झला फॅन ६००० हवेला १६५ देतो, त्यातले ८० डक्टचे, म्हणजे बॅगांसाठी उरतात ८५. लहान फॅन घेतला असता तर ही जागाच मिळाली नसती. म्हणून बॅगांच्या आत-बाहेर नळी जोडून पाण्याचा साधा यू-ट्यूब मॅनोमीटर भिंतीवर लावला आणि ८५ वर लाल पट्टी मारली, पाणी तिथं पोचायच्या आत बॅगा झटकून साफ करायच्या.