प्रत कितीला पडते आणि पुढची प्रत कितीला पडते

मुद्रक सांगतो, "पाचशे काढल्यात तर प्रत शंभरला पडेल, हजार काढल्यात तर सत्तरला." स्वतःचं पुस्तक काढणारा लेखक इथे हमखास गोंधळतो. हजाराचा आकडा स्वस्त वाटतो, कारण सरासरी खर्च आणि वाढीव प्रतीचा खर्च त्याच्या डोक्यात एकच होऊन बसतात.

डेमी आकाराचं, १६० पानांचं पुस्तक घेऊ. दर हिशेबापुरते धरलेत, तुमच्या मुद्रकाचे वेगळे असतील. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, प्लेटा आणि मशीन लावताना वाया जाणारे कागद मिळून ३०,००० रुपये. एक प्रत काढा की हजार, हे लागणारच. मग प्रत्येक प्रतीमागे कागद १७, छपाई ५, कव्हर ६ आणि गोंदाने चिकटवलेलं परफेक्ट बाइंडिंग १२, म्हणजे ४० रुपये. हा आकडा प्रती वाढवल्या म्हणून फारसा हलत नाही.

आता ३०० प्रती काढल्या तर प्रत १४० ला, ५०० काढल्या तर १०० ला, हजार काढल्या तर ७० ला पडते. पण पाचशेवरून हजारावर जाताना वाढीव प्रत ४० लाच येते, खिशातून मात्र आणखी २०,००० जातात. आणि हजारांतल्या तीनशेच खपल्या, तर ७०,००० भागिले ३००, म्हणजे विकलेली प्रत २३३ ला पडली. बाकीच्या सातशे पलंगाखाली. म्हणून आधी खप धरावा, मग प्रती.

कागद आणि बांधणी या चाळिसांतच मोडतात. कागदाचा हिशेब सोपा आहे: २३ बाय ३६ इंचांच्या एका तावात डेमीची ३२ पानं बसतात, म्हणजे प्रतीला पाच ताव. ७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणारा, असा ताव साधारण ३७ ग्रॅमचा, पाचांचं वजन १८७ ग्रॅम. किलोला ९० रुपये धरले की १७ रुपये. ८० जीएसएम घेतला तर १९ च्या थोडं वर, म्हणजे सव्वादोन-अडीच रुपयांचा फरक. एवढ्यासाठी लोक तासभर घासाघीस करतात! खरी गोम वेगळीच: कागद बदलला की पुस्तकाची जाडी एखाद्या मिलिमीटरने वाढते. आधीच्या कागदाच्या मापाने केलेलं कव्हर तसंच गेलं तर कण्यावरचं नाव मधोमध न राहता एका बाजूला सरकतं. तेव्हा कागद पक्का झाल्यावरच कण्याचं माप मागा.

बांधणीचा खर्चावरचा भार याहून जास्त. शिलाई करून पुठ्ठाबांधणी घेतली आणि बारा रुपयांचे पन्नास झाले, तर प्रत्येक प्रतीमागे ३८ रुपये वाढले. हजार प्रतींवर ३८,००० होतात, सगळ्या प्लेटा आणि अक्षरजुळणी धरूनही नव्हते तेवढे. प्रती वाढवून हा खर्च पातळ होत नाही, कारण तो प्रत्येक प्रतीला नव्याने लागतो.