दिवाळीत कार्ट अर्धवट सोडणाऱ्या गिऱ्हाइकाला मेल: एकच, पण वेळेवर

ज्या दुकानांची वेबसाइट आम्ही सांभाळतो त्या सगळ्यांसाठी हे पत्रक, कारण दिवाळी जवळ आली की फोन सुरू होतात, 'लोक माल कार्टात टाकतात आणि जातात, त्यांना रोज मेल सोडा की'. रोज नको. का नको ते एका ऑर्डरवरनं सांगतो.

समजा तुमचं फराळाचं दुकान सांगलीत विश्रामबागला आहे, पुण्याच्या एका ताईंनी रात्री पावणेदहाला भडंगाची २ पाकिटं आणि १ किलो चकली कार्टात टाकली, ईमेल पत्ता टाइप केला, पुढं कुरिअरचे ७० रुपये दिसले आणि त्या थांबल्या. आता त्या का थांबल्या हे आपल्याला माहीत नसतं. कुरिअर महाग वाटलं असेल, वसुबारसेआधी पोचेल का ही शंका असेल, नाहीतर कुकरची शिट्टी झाली असेल. पण चौथं एक कारण असतं ते सगळ्यात वाईट: यूपीआयनं पैसे कापले गेले आणि आपल्याकडं ऑर्डर Pending payment मधेच अडकली. अशा माणसाला 'तुमची ऑर्डर अपूर्ण आहे, आत्ताच पैसे भरा' असा मेल गेला की तो एकतर दुसऱ्यांदा पैसे भरतो नाहीतर फोन करून तुम्हाला धुतो. म्हणून अशी अडकलेली ऑर्डर आपण आठवणीच्या यादीतनं बाहेर ठेवतो, तिचं पेमेंट आधी हातानं तपासायचं.

दुसरी गोची आपल्याकडची खास. बरेच लोक वेबसाइटवर फक्त भाव बघतात आणि मग दुकानात फोन लावतात, 'दादा, दोन किलो बाजूला ठेवा, संध्याकाळी येतो'. माल घरी गेला तरी सिस्टमच्या लेखी कार्ट तसंच पडलेलं. मागं एका दिवाळीत आमच्याच हातनं असे मेल गेले आणि उत्तरं आली, 'काल घेऊन गेलो की!' तेव्हापासनं काउंटरवर एक वही ठेवायला सांगतो, फोनवरची ऑर्डर घेताना मोबाइल नंबर लिहा आणि दुपारी एकदा, रात्री एकदा आम्हाला पाठवा, आम्ही ती कार्ट बंद करतो.

आता वेळ. एरवी तासाभरानं मेल जातो ते ठीक आहे, पण पावणेदहाच्या कार्टाला पावणेअकराला मेल म्हणजे झोपमोड, त्यामुळं रात्री ९ नंतरची कार्ट सकाळी साडेनऊला. दुसरा मेल फक्त एकाच कारणासाठी, उद्या त्या पिनकोडसाठी कुरिअरची शेवटची गाडी आहे म्हणून. ती तारीख टळली की बाहेरगावचे मेल पूर्ण बंद, कारण पोचणारच नाही त्याची आठवण कशाला करायची.

मेल असा:

विषय: तुमच्या कार्टात भडंग आणि चकली आहे

नमस्कार, काल रात्री तुम्ही भडंग २ पाकिटं (२२० रु.) आणि चकली १ किलो (४०० रु.) निवडली होती. पुण्याला कुरिअर ७० रु., एकूण ६९० रु. वसुबारसेआधी हवं असेल तर गुरुवारी दुपारी ४ पर्यंत ऑर्डर करा. पैसे कापले गेले असतील तर परत भरू नका, याच मेलला उत्तर द्या. नको असेल तर काहीच करायला नको.

खाली कार्टची लिंक आणि 'मेल नकोत' ही लिंक, बस. कुरिअरचा आकडा मुद्दाम वर घेतलाय, कारण बहुतेक तिथंच माणूस अडतो आणि परत आल्यावर तोच धक्का परत बसायला नको.

'तुमच्यासाठी माल राखून ठेवलाय' असं लिहू नका. नुसत्या कार्टानं माल राखला जात नाही, ताईंनी मेल उघडेपर्यंत चकली संपलेली असू शकते. 'शेवटची ३ पाकिटं!' हे तर खरं असेल तरच. खोटी घाई आणि सारखं मागं लागणं, दोन्ही केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाच्या २०२३ च्या १३ डार्क पॅटर्नच्या यादीत आहेत. डिस्काउंटही पहिल्याच मेलात नको, नेहमीचं गिऱ्हाईक पुढच्या वेळी मुद्दाम कार्ट सोडून कूपनची वाट बघत बसतं, आणि ज्यानं काल पूर्ण पैसे दिले त्याला कळलं तर वेगळीच पंचाईत.

मेल जास्त होतायत हे कसं कळतं? विक्रीच्या आकड्यात ते लगेच दिसत नाही. 'मेल नकोत' दाबणारे वाढतात, कोणी स्पॅम दाबतं. मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्यांनी स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्यात असं जीमेल सांगतं, म्हणजे हजारात तीनसुद्धा नको. ती मर्यादा ओलांडली की मग साधी 'ऑर्डर मिळाली' ही पावतीसुद्धा स्पॅममधे जायला लागते, तीही ऐन दिवाळीत.

तुमच्या कुरिअरवाल्याकडनं पिनकोडप्रमाणं शेवटच्या तारखा घ्या आणि नवरात्र संपायच्या आत आम्हाला द्या, त्याशिवाय मेल चालू करणार नाही.