सगळ्यात कमी रेट भरूनही टेंडर का गेलं, ते मूल्यांकन अहवालात बघा

मुंबईत ठेकेदारांची टेंडरं भरून देताना एक तक्रार सारखी कानावर येते, रेट आमचा सगळ्यात कमी होता तरी काम दुसऱ्याला दिलं. जिथे फक्त एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवालाच, बघतात तिथे ही तक्रार रास्त आहे, पण टेंडरात क्यूसीबीएस, म्हणजे दर्जा आणि रेट दोन्ही बघून निवड, असं लिहिलं असेल तर तांत्रिक मार्कही धरले जातात. केंद्राच्या खात्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांप्रमाणे तांत्रिक मार्कांचं वजन जास्तीत जास्त ३० टक्के ठेवता येतं.

आमच्याकडचंच एक प्रकरण सांगतो, गटार आणि फुटपाथचं पॅकेज, वजन तांत्रिकला ३० आणि रेटला ७०. आमच्या माणसाचा रेट ९ कोटी, म्हणजे सगळ्यात कमी, त्यामुळे आर्थिक मार्क १००. दुसऱ्याचा ९.४० कोटी, म्हणून त्याला ९ भागिले ९.४० गुणिले १००, म्हणजे ९५.७४. तांत्रिकमध्ये मात्र आमचे ६२ आणि त्याचे ८८. बेरीज केली तर आमचे ७० अधिक १८.६, एकूण ८८.६, आणि त्याचे ६७.०२ अधिक २६.४, एकूण ९३.४२. गेलं काम.

आता हे ६२ कसे झाले? सारख्या स्वरूपाच्या दोन पूर्ण कामांना प्रत्येकी २० मार्क होते. एका कामाच्या कम्प्लिशन सर्टिफिकेटवर तारीख होती, सहीशिक्का होता, पण प्रत्यक्ष झालेल्या कामाची रक्कमच नव्हती, त्यामुळे २० पैकी शून्य. तेवढे मिळाले असते तर ८२, एकूण ९४.६, आणि काम आमचं. वर्क ऑर्डर जोडली होती हो, पण वर्क ऑर्डरमधली रक्कम म्हणजे काम दिलं तेव्हाची, पूर्ण किती झालं ते त्यातून कळत नाही. ही रक्कम फायनल बिलावरून घालून मिळते, त्यासाठी जुन्या ऑफिसात खेटे मारावे लागतात आणि तिथले साहेब बदललेले असतात, म्हणून टेंडर निघायची वाट न बघता काम संपलं की लगेच रक्कम, तारीख, कामाचं स्वरूप लिहून घ्या.

अहवाल कसा हवा, तर प्रत्येक मार्कापुढे टेंडरातलं कलम, तुमच्या कागदाचं पान आणि कारण. नुसतं 'अनुभव अपुरा' लिहून कुणाचे २० मार्क कापणं मला पटत नाही, त्यावर माणूस काय उत्तर देणार? आणि टेंडरात नसलेला निकष मूल्यांकनाच्या वेळी लावता येत नाही, तसं दिसलं तर कलम क्रमांक टाकून हरकत घ्या.

हरकतीची वेळ लोक चुकवतात. तांत्रिक निकाल पोर्टलवर आधी येतो, आर्थिक लिफाफा नंतर उघडतो, आणि लोक रेट समोर आल्यावर धावतात. तांत्रिक निकालाचा ईमेल आला की त्याच दिवशी आपले मार्क कलमाशी ताडून बघा, टेंडरात दिलेल्या मुदतीत लेखी द्या. कागद आधीपासून असलेलाच, फक्त जोडायचा राहिलेला असेल आणि टेंडरात सोय असेल तर समिती तो मागू शकते. टेंडर उघडल्यानंतरच्या तारखेचं नवं काम मात्र धरत नाहीत, रेटला तर हातच लावता येत नाही.