चर्चासत्राच्या समारोपातले आभार: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

महाविद्यालयांतल्या चर्चासत्रांसाठी मंच, ध्वनिव्यवस्था आणि बैठकव्यवस्था आम्ही करतो. तयारीच्या बैठकीत बीजभाषण कोण देणार, कुठल्या सत्राला किती वेळ, जेवण किती वाजता, हे सगळं कागदावर आलेलं असतं. ‘आभार’ या शब्दापुढची जागा मात्र बऱ्याचदा रिकामी असते. मग दुपारी चारच्या सुमारास एखाद्या तरुण प्राध्यापकाला ‘मॅडम, आभार तुम्ही माना’ असं सांगितलं जातं आणि त्या घाईघाईत कागद शोधू लागतात. पुढे काय होतं ते आम्हाला ध्वनियंत्रणेच्या टेबलामागून नीट दिसतं. दिवसभर चांगला झालेला कार्यक्रम शेवटच्या दहा मिनिटांत विस्कटू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्रक.

जागा आणि माणूस

आपल्याकडच्या सभेत अध्यक्षांचं भाषण हे शेवटचं भाषण असतं. त्यानंतर फक्त आभार आणि राष्ट्रगीत. त्यामुळे आभार मानणाऱ्याने विषयावर नवं मत मांडायचं नसतं, आणि अध्यक्ष जे बोलले त्याला पुस्तीही जोडायची नसते. ‘अध्यक्षांनी सांगितलं ते खरंच आहे, पण मला असं वाटतं की…’ असं वाक्य आलं की मंचावर अवघडलेपण येतं, कारण अध्यक्षांना उत्तर द्यायला आता माइक मिळणार नसतो.

आभार कोणी मानावेत? शक्यतो संयोजन समितीतल्या सहसमन्वयकाने किंवा सचिवाने. प्रास्ताविक समन्वयकाने केलं असेल तर आभारही त्यानेच मानू नयेत. तसं झालं की महिनाभर धावपळ केलेल्या समन्वयकाचं नाव कुणीच घेत नाही, कारण स्वतःचे आभार स्वतः मानता येत नाहीत. सूत्रसंचालकाचंही तेच. त्याचे आभार दुसऱ्या कुणीतरी मानायचे असतात.

दिवसभराच्या चर्चासत्रात आभार बहुधा दोनदा होतात: एकदा उद्घाटन सत्राच्या शेवटी आणि एकदा समारोपात. दोघांनी आदल्या दिवशी नावं वाटून घेतली नाहीत तर तीच यादी दोनदा वाचली जाते. उद्घाटक आणि उद्घाटनापुरते आलेले पाहुणे सकाळच्या आभारांत पूर्ण करावेत. ते दुपारी सभागृहात नसतातच. समारोपात त्यांचा एका वाक्यात उल्लेख पुरे. बीजभाषक, सत्राध्यक्ष, व्याख्याते, निबंधवाचक आणि व्यवस्थेतली माणसं ही समारोपाची यादी.

किती वेळ?

साडेतीन ते चार मिनिटं. हा आकडा हिशेबातून येतो. सभेत सावकाश, स्पष्ट बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १२० शब्द बोलतो. नुसतं नाव आणि पद घ्यायला पाचेक सेकंद लागतात, आणि नावासोबत त्या माणसाबद्दल एक नेमकं वाक्य बोलायला सुमारे १५.

समजा, ‘महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये’ या विषयावर तुमच्याकडे एकदिवसीय चर्चासत्र आहे. बीजभाषक एक, सत्राध्यक्ष दोन, व्याख्याते चार आणि समारोपाचे अध्यक्ष एक, अशी आठ माणसं झाली. या आठांना प्रत्येकी एक वाक्य दिलं की दोन मिनिटं होतात. प्राचार्य, संस्थेचे पदाधिकारी, अनुदान देणारी संस्था, समित्या आणि कर्मचारी असे आणखी बारा उल्लेख म्हणजे एक मिनिट. सुरुवात आणि शेवट मिळून अर्धं मिनिट. एवढ्यात सगळं बसतं. पण प्रत्येक नावानंतर ‘जोरदार टाळ्या’ मागितल्या तर दर वेळी पाच सेकंद वाढतात, आणि वीस नावांना तेवढ्यानेच दीड मिनिटाहून जास्त वेळ जातो. तिसऱ्या नावापासून टाळ्याही विरळ होतात. टाळ्या शेवटी एकदाच.

क्रम

रूढ क्रम असा: आधी समारोपाचे अध्यक्ष, मग बीजभाषक, सत्राध्यक्ष व व्याख्याते, त्यानंतर अनुदान किंवा प्रायोजकत्व देणाऱ्या संस्था, मग संस्थेचे पदाधिकारी व प्राचार्य, मग समित्या, कर्मचारी, विद्यार्थी स्वयंसेवक, आणि शेवटी निबंधवाचक व श्रोते. काही ठिकाणी संस्थाचालकांचं नाव पाहुण्यांच्या आधी घेतात. आमचं मत स्पष्ट आहे: बाहेरून आलेला माणूस आधी, घरचा नंतर. प्राचार्यांबद्दल पाच वाक्यं आणि नागपूरहून रात्रभर प्रवास करून आलेल्या व्याख्यात्याबद्दल अर्धं, असं झालं की सभागृहाला ते लगेच कळतं आणि खुद्द प्राचार्यही संकोचतात.

अनुदान देणाऱ्या संस्थेचं नाव मंजुरीपत्रात आहे तसंच पूर्ण घ्यावं. आमच्या फलकावर छापलेलं नाव आणि आभारात उच्चारलेलं नाव एकच असू द्या.

एक वाक्य कुठून आणायचं?

बहुतेक आभार इथेच फसतात. ‘आपल्या व्यस्त वेळापत्रकातून वेळ काढून’, ‘ओघवत्या वाणीतून’, ‘मोलाचं मार्गदर्शन’ हे शब्द आधीच लिहून आणलेले असतात आणि आठही जणांना तेच लागतात. ऐकणाऱ्याला कळतं की बोलणारा सत्राला बसलाच नव्हता.

उपाय सोपा आहे. प्रत्येक सत्रात एका विद्यार्थ्याला वही देऊन पुढच्या रांगेत बसवा. व्याख्यानाचा सारांश त्याने लिहायचा नाही. वक्त्याने दिलेलं एक उदाहरण, दाखवलेली एक वस्तू किंवा श्रोत्यांनी विचारलेला एक प्रश्न, एवढंच टिपायचं. ग्रंथालयांच्या त्या चर्चासत्रात त्या टिपणांवरून आभार साधारण असे होतील:

‘अध्यक्ष महोदय, मंचावरील मान्यवर आणि मित्रहो, संयोजन समितीच्या वतीने मी आभार मानण्यासाठी उभी आहे. सर, आपण केवळ समारोपाला न येता सकाळपासून प्रत्येक सत्राला बसलात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. बीजभाषणात मॅडमनी १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यापासून सुरुवात करून आजच्या अ, ब, क, ड वर्गवारीपर्यंतचा प्रवास उलगडला. त्यांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या सत्रात ‘ड’ वर्गाच्या एका ग्रंथालयाचा वर्षाचा जमाखर्च सरांनी फळ्यावर मांडला. पगार आणि वर्तमानपत्रांचं बिल भागवल्यावर पुस्तकांना किती उरतात, हे आम्हाला तिथे दिसलं. सर, आपले आभार…’

यात विशेषण एकही नाही. तरी ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्याला आपलं बोलणं पोहोचल्याची खात्री पटते. मात्र एकाच वाक्यावर थांबा. जमाखर्चाचे आकडे पुन्हा सांगायला लागलात की तो सत्राचा आढावा होतो, आणि ते काम अहवालवाचनाचं.

नावांची चिठ्ठी

सगळ्यात जास्त चुका नावांत होतात आणि त्याच सगळ्यात जास्त लागतात. आभाराची यादी निमंत्रणपत्रिकेवरून उतरवून काढली तर ती हमखास चुकते. पत्रिका छापून झाल्यावर एखादे व्याख्याते आजारी पडतात, त्यांच्या जागी दुसरे येतात, सत्राध्यक्ष आयत्या वेळी बदलतात. मग न आलेल्या माणसाच्या ‘अभ्यासपूर्ण विवेचना’चे आभार मानले जातात आणि प्रत्यक्ष बोललेले गृहस्थ समोर बसून ऐकत राहतात.

यादी तीनदा तपासावी. पहिल्यांदा आदल्या रात्री, पत्रिकेवरून. दुसऱ्यांदा जेवणाच्या सुट्टीत, नोंदणीच्या टेबलावरच्या सह्या बघून. तिसऱ्यांदा समारोप सुरू होण्याआधी, मंचावर प्रत्यक्ष कोण बसलं आहे ते पाहून. पदं वेगळी तपासा. ‘डॉ.’ की ‘प्रा.’, प्राचार्य की प्रभारी प्राचार्य, विभागप्रमुख की निवृत्त विभागप्रमुख, हे त्या व्यक्तीच्या परिचयपत्रावरून घ्या, आठवणीवर विसंबू नका. एखाद्या आडनावाच्या उच्चाराबद्दल शंका असेल तर चहाच्या वेळी त्यांनाच विचारा. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. माइकवरून चुकीचं आडनाव ऐकल्याचं मात्र वाटतं.

शिपाई, सफाई कर्मचारी, ग्रंथालय परिचर, स्वयंपाकी यांना ‘ज्ञात-अज्ञात हात’ म्हणून एकत्र गुंडाळू नका. सकाळी सहाला सभागृह उघडणारा माणूस तुम्हाला नावानिशी माहीत असतो. त्याचं पूर्ण नाव, पुढे श्री. किंवा श्रीमती लावून, इतरांच्या नावांइतकंच सावकाश घ्या. सगळे मिळून तीस-चाळीस जण असतील तर समितीप्रमुखांची नावं घेऊन बाकीच्यांचा समितीच्या नावाने उल्लेख करावा. कुणाला घ्यायचं हा निर्णय आधी झालेला असला की ‘अनवधानाने कुणाचं नाव राहून गेलं असल्यास क्षमस्व’ हे वाक्य यादी न केल्याची सबब म्हणून वापरावं लागत नाही.

चिठ्ठी जाड कागदावर, एका बाजूला, मोठ्या अक्षरांत लिहा आणि पानांना क्रमांक घाला. पातळ कागदाची सळसळ माइकमधून सभागृहभर ऐकू जाते. पडद्यावर चित्रफिती दाखवण्यासाठी दुपारी मंचावरचे दिवे मंद केलेले असतात आणि समारोपातही ते तसेच राहतात. बोलायला उठण्यापूर्वी आमच्या माणसाला खूण करा, पोडियमवरचा दिवा लावून मिळेल. मोबाइलवरून वाचायचं असेल तर मध्येच फोन येणार नाही एवढी काळजी घ्या.

सूचना आणि राष्ट्रगीत

प्रमाणपत्रं कुठे मिळतील, प्रवासखर्चाचे अर्ज कुठे द्यायचे, बस किती वाजता सुटणार, या सूचना आभारात घालू नका. ‘प्रमाणपत्रं बाहेरच्या टेबलावर’ हे शब्द कानावर पडताच मागच्या रांगा उठतात आणि उरलेली नावं रिकाम्या खुर्च्यांसमोर वाचावी लागतात. सूचना सूत्रसंचालकाने अध्यक्षीय भाषणाच्या आधी द्याव्यात, आणि प्रमाणपत्रांचं टेबल राष्ट्रगीत होईपर्यंत बंद ठेवावं.

राष्ट्रगीताची घोषणा कोण करणार, हे आभार मानणारा आणि सूत्रसंचालक या दोघांनी आधी ठरवून घ्यावं. हे ठरलेलं नसतं तेव्हा आभार मानणारा ‘धन्यवाद’ म्हणून खाली येतो, सूत्रसंचालक माइकपर्यंत पोहोचेपर्यंत अर्धं मिनिट जातं आणि तेवढ्यात निम्मे लोक पिशव्या उचलून दाराकडे वळलेले असतात. आमच्या मते शेवटच्या नावानंतर न थांबता आभार मानणाऱ्यानेच म्हणावं: ‘अध्यक्षांच्या अनुमतीने चर्चासत्र संपल्याचं जाहीर करते. आता राष्ट्रगीत होईल, सर्वांनी कृपया उभं राहावं.’

राष्ट्रगीत ध्वनिमुद्रित लावायचं की विद्यार्थी म्हणणार, हे आम्हाला सकाळीच सांगा. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. ते संपेपर्यंत आमची मुलं वायरी गुंडाळायला किंवा खुर्च्या हलवायला सुरुवात करणार नाहीत. विद्यार्थी म्हणणार असतील तर त्यांच्यासाठी दोन माइक मंचाच्या डाव्या बाजूला आभार सुरू होण्यापूर्वीच उभे करून ठेवू.