नकारानंतरचा शॉट

2015 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या कोर्टात एका भारतीय तरुणाने दोन महिलांचा पाठलाग केल्याची कबुली दिली. फोन, मेसेज, वाटेत गाठणं, असं ते बरेच दिवस चाललं होतं. त्याच्या वकिलाचं म्हणणं असं, की हा हिंदी सिनेमे बघत वाढला आहे आणि मागे लागत राहिलं की मुलगी शेवटी होकार देते असंच त्याला वाटत होतं. तुरुंगवास टळला, पाच वर्षं नीट वागण्याच्या अटीवर त्याला सोडण्यात आलं.

फोंड्याजवळच्या ज्या उच्च माध्यमिक विद्यालयात मी मानसशास्त्र शिकवतो, तिथे ही बातमी सांगितली की वर्गातून ठरलेलं एक वाक्य येतं. "सर, तेच सिनेमे आम्हीपण बघतो. आम्ही कुठे कोणाच्या मागे लागतो?" शिक्षकांच्या खोलीत नेमकं उलटं ऐकू येतं: सिनेमा आणि मोबाइलने पिढी बिघडवली. मला दोन्ही बोलणी एकाच चुकीच्या प्रश्नाची उत्तरं वाटतात. सिनेमा बघून माणूस उठतो आणि तसंच वागतो, असं क्वचितच होतं. मात्र समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा आपण जो अंदाज बांधतो, त्या अंदाजात सिनेमा हळूच फेरफार करतो. तो कसा, हे समजायला एक प्रसंग शॉटगणिक उलगडून बघावा लागतो.

प्रसंग कुठल्या एका सिनेमातला नाही, शेकडो सिनेमांतला आहे. आपण तो फोंड्याच्या बसस्टँडवर घडवू. पहिला शॉट: कदंबाच्या बसची वाट बघत मुलगी उभी आहे, मुलगा स्कूटर वळवून तिच्यापुढे थांबवतो. दुसरा शॉट: ती कपाळाला आठ्या घालून म्हणते, "परत माझ्या वाटेत येऊ नकोस," आणि बसमध्ये चढते. तिसरा शॉट: बस सुटली आहे, मुलगा मागे राहिला आहे, मुलगी खिडकीशी बसली आहे. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो आणि ती गालातल्या गालात हसते. बासरी वाजते. चौथ्या शॉटपासून गाणं.

इथली सगळी करामत तिसऱ्या शॉटमध्ये आहे. ते हसू मुलाने पाहिलेलंच नाही. तो स्टँडवर आहे, ती बसमध्ये. त्याच्या हाती असलेली माहिती एवढीच, की तिने वाटेत येऊ नकोस म्हणून सांगितलं. तिच्या मनातलं गुपित कॅमेऱ्याने फक्त आपल्या कानात सांगितलं आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथे उभा राहतो तेव्हा आपल्याला तो चिकाटीचा वाटतो, त्रासदायक वाटत नाही. चवथीच्या रात्री पत्त्यांचा डाव रंगलेला असताना मागे बसून दोघांचेही पत्ते बघणाऱ्याने खेळणाऱ्याच्या धाडसाला दाद द्यावी, तसं हे आहे. प्रेक्षक घरी जातो तेव्हा त्याच्या लक्षात राहतं ते एवढंच: ती नाही म्हणाली होती, पण तसं नव्हतं. आपल्याला हे कळलं कसं, ते विसरायला होतं. खऱ्या बसस्टँडवर तिसरा शॉट कोणालाच दिसत नाही.

शिवाय ते हसूसुद्धा पूर्णपणे त्या नटीचं नसतं. 1920 च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा वेगवेगळ्या चित्रांना जोडला: सुपाचा वाडगा, शवपेटी, स्त्री. प्रेक्षकांना म्हणे त्याच चेहऱ्यावर भूक, शोक आणि अभिलाषा दिसली. मूळ फिल्म आज उपलब्ध नाही, आणि पुढे मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा दर वेळी तितका ठळक परिणाम मिळाला नाही. पण चेहऱ्याचा अर्थ शेजारच्या शॉटकडून उसना घेतला जातो, हे संकलकांना रोजच्या कामातून ठाऊक असतं. आपल्या प्रसंगातली बासरी काढा आणि चौथ्या शॉटमध्ये गाण्याऐवजी बसमध्ये तिच्या शेजारी बसलेली मैत्रीण दाखवा. तेच हसू मैत्रिणीसाठी होईल, आणि मुलगा नुसता त्रास देणारा उरेल.

पण मुली खरंच वरवर नाही म्हणतात का? वर्गात हा प्रश्न मुलांइतक्याच मुलीही विचारतात, आणि यावर संशोधनात एक मोठी गंमत घडून गेली आहे. 1988 साली टेक्सासमधल्या 610 विद्यार्थिनींना शार्लीन म्यूलेनहार्ड आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने विचारलं: शरीरसंबंध ठेवायची इच्छा आणि तयारी असूनही तुम्ही कधी नाही म्हणालात का? सुमारे 39 टक्के जणींनी हो म्हटलं. हा आकडा पुढे बराच फिरला. 'बघा, नकाराचा अर्थ होकारच' असं म्हणणाऱ्यांना तो आयताच मिळाला.

म्यूलेनहार्ड यांनी स्वतःच तो आकडा पुन्हा तपासायला घेतला. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी रकान्यात खूण करायला सांगून न थांबता, तेव्हा नेमकं काय झालं ते लिहून द्यायला सांगितलं. वर्णनं वाचल्यावर दिसलं की पुष्कळांनी प्रश्नच वेगळा समजून घेतला होता. कोणी लिहिलं होतं, इच्छा होती पण धोका वाटला, म्हणून नाही म्हटलं. कोणाचं मन आधी तयार नव्हतं, नंतर बदललं. म्हणजे नाही म्हटलं त्या क्षणी त्याचा अर्थ नाही असाच होता. इच्छा असणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी प्रश्नावलीत एकात एक मिसळल्या होत्या, आणि आपला तिसरा शॉटही नेमकं हेच करतो. मुलगा मनातून आवडत असेलही. त्याने वाटेत येऊ नये हे तिचं सांगणं त्यामुळे रद्द होत नाही. तसे नाटकी नकार अजिबात सापडले नाहीत असं नाही, पण ते थोडे होते, आणि फक्त स्त्रियांचे नव्हते. पुरुषांनीही ते दिले होते. हे वर्गात सांगितलं की मुलगे एकमेकांकडे बघून हसतात, कारण मुलगा कधी नको म्हणेल ही शक्यताच त्यांनी पडद्यावर पाहिलेली नसते.

(विजेच्या खांबांवर 'वशीकरण, 24 तासांत गॅरंटी' अशी पत्रकं चिकटवलेली असतात. शिकलेली मुलं त्यांना हसतात. पण योग्य उपाय पुरेशा वेळा केला की दुसऱ्या माणसाचं मन आपल्याकडे वळतंच, हा त्या पत्रकातला सिद्धांत आणि सिनेमातला सिद्धांत यांत मला तरी फरक दिसत नाही. एकात लिंबू आहे, दुसऱ्यात गिटार.)

आता वर्गातल्या त्या वाक्याकडे येऊ. सगळे बघतात, मग परिणाम सगळ्यांवर सारखा का नाही? मिशिगन विद्यापीठातल्या ज्युलिया लिपमन यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणींचे गट केले. काहींनी पाठलाग गोड करून दाखवणारा सिनेमा पाहिला, काहींनी पाठलाग भीतिदायक दाखवणारा, काहींनी निसर्गावरचा माहितीपट. मग पाठलागाबद्दलच्या गैरसमजांची विधानं त्यांच्यापुढे ठेवली: तक्रार करणाऱ्या बायका आधी भाव खात असतात, अशा धर्तीची. भीतिदायक सिनेमा पाहिलेल्यांनी ती विधानं कमी मान्य केली. गोड सिनेमा पाहिलेल्यांतला परिणाम मात्र सरसकट नव्हता. ज्या त्या कथेत बुडून गेल्या होत्या किंवा ज्यांना ती खरीखुरी वाटली होती, त्यांच्यात गैरसमजांना मान्यता जास्त दिसली. प्रयोग अमेरिकेतला, फक्त स्त्रियांवरचा आणि सिनेमा संपताच मोजलेला. आपल्या मुलग्यांवर वर्षानुवर्षं काय होतं, ते त्यातून सिद्ध होत नाही. पण महत्त्वाचा शब्द हाती लागतो: बुडणं.

या बुडण्यावर 2000 साली मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी सुंदर काम केलं आहे. त्यांनी लोकांना एक गोष्ट वाचायला दिली आणि जिथे काही खोटं, न पटणारं वाटेल तिथे पेन्सिलीने गोल करायला सांगितलं. गोष्टीत जे अधिक रंगून गेले होते, त्यांचे गोल कमी पडले. आणि ही गोष्ट काल्पनिक आहे असं आधी सांगून रंगणं काही कमी झालं नाही. म्हणून 'हे सगळं खोटं असतं हं' असं मुलाला सांगून सोडून देण्यात फारसा अर्थ नाही. सिनेमा खोटा आहे हे त्याला ठाऊकच असतं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि तीत गोवा आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी 2001 ते 2003 दरम्यान बिहार, हरियाणा, तमिळनाडू आणि गोवा इथल्या ग्रामीण घरांची वर्षागणिक माहिती तपासली. ज्या गावांत मधल्या काळात केबल टीव्ही आला, तिथल्या बायकांमध्ये नवऱ्याने मारणं योग्य मानण्याचं प्रमाण कमी झालं, मुलगाच हवा हा आग्रहही घटला. सासू-सुनांच्या त्याच मालिका, ज्यांना आपण नावं ठेवतो. म्हणजे पडदा समजुती बदलतो. पण कुठल्या दिशेने, ते आधी पाहिलेलं जग कसं आहे आणि पडद्यावर त्याहून वेगळं काय दिसलं, यावर ठरतं.

वर्गात मी ग्रीन-ब्रॉक यांची पेन्सिल वापरतो. मुलांनीच निवडलेला चार-पाच मिनिटांचा प्रसंग आधी नेहमीसारखा लावायचा. मग आवाज बंद करून पुन्हा. तिसऱ्यांदा दर शॉटला थांबायचं आणि वहीत दोन रकाने भरायचे: प्रेक्षकाला आता काय माहीत आहे, आणि त्या मुलाला आता काय माहीत आहे. हे रकाने जिथे वेगळे होतात तिथे गोल. बहुतेक वेळा पहिला गोल नकारानंतरच्या शॉटलाच पडतो. त्यानंतर भारतीय न्याय संहितेचं कलम 78 वाचायचं. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवल्यावरही वारंवार मागे लागणं, संपर्क साधत राहणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कायदा दुसऱ्या रकान्यावर चालतो. पहिला रकाना कोर्टात नसतोच.

रील्सवर हा खेळ अवघड जातो, कारण तिथे दुसरा शॉट कापलेला असतो. नुसतं हसू आणि गाणं. मग मुलांना आधी काय घडलं असेल ते लिहून काढावं लागतं, आणि वाद तिथेच पेटतात.

अशाच एका वादात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तिने पहिल्याच भेटीत सरळ हो किंवा नाही सांगितलं आणि त्याने ऐकलं, तर सिनेमा दहा मिनिटांत संपेल." प्रश्न रास्त होता. गोष्टीला अडथळा लागतो, आणि मुलीचा नकार हा सगळ्यांत स्वस्त अडथळा आहे. त्याला सेट लागत नाही. मग तिने हो म्हटल्यानंतरचे अडथळे फळ्यावर लिहायला सांगितले. जात आली, धर्म आला, त्याची जहाजावरची नोकरी आणि सहा-सहा महिने बाहेर असणं आलं, तिला पुण्याला मिळालेली ॲडमिशन आली, सामायिक घराच्या वाटणीवरून दोन घरांत चाललेला जुना खटला आला. फळा भरला तेव्हा एका मुलीने खाली आणखी एक ओळ लिहिली: तिला सिनेमे आवडतात, त्याला आवडत नाहीत.