गुदाशयाचा कॅन्सर: ऑपरेशनच्या आधी एमआरआय आणि रेडिएशन का?
(आमच्या स्कॅन सेंटरवर येणारे रुग्ण आणि घरच्यांसाठी)

बायोप्सीत कॅन्सर निघाला की घरच्यांना वाटतं, गाठ उद्याच काढून टाकावी. गुदाशयाच्या बाबतीत ही घाई महागात पडू शकते. गुदाशयाभोवती चरबीचं जाड वेष्टन असतं, त्यात लसीकाग्रंथी असतात आणि त्यावर एक पातळ पडदा असतो. आजार आधी या चरबीत पसरतो. तिचा तुकडा मागे राहिला, तर गाठ कटिभागात पुन्हा डोकं वर काढू शकते. म्हणून ऑपरेशनमध्ये सर्जन गुदाशय आणि चरबी त्या पडद्यासकट, न फाडता, एकसंध बाहेर काढतात. ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली.

हे जमेल का, ते कटिभागाचा एमआरआय सांगतो. समजा, गाठ गुदद्वारापासून ६ सेंमीवर आहे, भिंत ओलांडून चरबीत शिरली आहे आणि पडद्यापासून अर्ध्या मिमीवर आहे. हे अंतर १ मिमी किंवा त्याहून कमी असेल, तर कापताना कडेला कॅन्सर राहण्याचा धोका मोठा. रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी हाच आकडा शोधा. यकृत-फुप्फुसांसाठी सीटी स्कॅन वेगळा लागतो.

अशा रुग्णाला बहुतेकदा आधी रेडिएशन देतात. एक नेहमीची पद्धत म्हणजे आठवड्यातून ५ दिवस, साधारण साडेपाच आठवडे, एकूण २५ ते २८ सिटिंग, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ केमोच्या गोळ्या. सिटिंगच्या वेळी मूत्राशय बऱ्यापैकी भरलेलं लागतं, म्हणजे लहान आतडं किरणांच्या वाटेतून वर सरकतं. डोंबिवली-विरारहून लोकलने येणाऱ्यांनी घरूनच पाणी पिऊन निघू नये. गाडी रखडली की पंचाईत होते. पोचल्यावर लघवी करून यावं, मग सांगितलं तेवढं पाणी प्यावं आणि सांगितला तेवढा वेळ थांबावं. जुलाब थांबेनात, किंवा तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटू लागले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

सिटिंग संपल्या की साधारण ६ ते १२ आठवडे थांबतात, कारण गाठ त्यानंतरही आक्रसत राहते. हा काळ फुकट गेला असं समजू नका. मग पुन्हा एमआरआय होतो. त्या वेळी जुना रिपोर्ट पुरत नाही, पहिल्या स्कॅनची सीडी आणा. रेडिएशनचा व्रण आणि उरलेली गाठ यांतला फरक दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की जास्त नीट कळतो.

ऑपरेशनमध्ये गाठ काढल्यावर आतड्याची टोकं जोडतात. गाठ खाली, गुदद्वाराजवळ असेल तर हा नवा जोड भरेपर्यंत मळ बाहेर काढायला पोटावर तात्पुरती पिशवी लावतात. जोड गळू लागला तर ताप येतो, पोट दुखतं, नाडी वाढते. पिशवीमुळे जोडावरून मळ जात नाही, म्हणून गळतीचा फटका कमी बसतो.

काढलेला भाग पॅथॉलॉजिस्टकडे जातो. चरबीचं वेष्टन अखंड होतं की फाटलेलं, आणि कडेपासून कॅन्सर किती मिमीवर होता, या दोन गोष्टी त्या रिपोर्टमध्ये लिहिलेल्या असायला हव्यात. नसतील तर सर्जनना विचारा.